टोपली फोटोत हिरवी, घरी पोचली पिवळी: रिव्ह्यू वाचून वर्णन कसं बदलायचं?

कठाणीकाठ
नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाची बांबूची दांडीवाली टोपली एका ऑनलाइन बाजारात विकली जाते. त्यांच्या पानाचं काम माझ्याकडे आहे. माल चांगला जातो, पण गेल्या हंगामापासून तीन चांदण्यांचे रिव्ह्यू वाढलेत आणि सगळ्यांचा सूर एकच: "वर्णनात आहे तशी नाही."

सध्याचं वर्णन जसंच्या तसं देते:

"हाताने विणलेली हिरव्या बांबूची मोठी टोपली. आकार 12 इंच. मजबूत, टिकाऊ, निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या घरी. फळं, भाज्या, पोळ्या, पूजेचं सामान, सगळ्यासाठी उपयुक्त. धुता येते."

आणि हे रिव्ह्यू, थोडक्यात:
"हिरवी मागवली, पिवळी आली."
"मोठी म्हणून घेतली, लहान निघाली. साइटवर तर 38 सेंटिमीटर लिहिलंय."
"आतल्या बाजूला काळे ठिपके आहेत, जुना माल दिला."
"खाली पांढरी भुकटी पडते."
"फोटोतली वीण घट्ट आहे, माझी विरळ आहे."

वर्णन नव्याने लिहायचंय. कोणता शब्द काढावा, कोणता ठेवावा, आणि जुन्या रिव्ह्यूंचं काय करायचं?

वऱ्हाडी_ठेचा
हिरवी होती ते पिवळी झाली म्हणजे पिकली ना बावा. "पिकलेली टोपली" म्हणून 50 रुपये जास्त लावा.

संत्रा_बर्फी
असे रिव्ह्यू "रिपोर्ट" करायचे, साइटवाले काढून टाकतात. नाहीतर गटातल्या बायकांच्या पाव्हण्यारावळ्यांना सांगून दहा-बारा पाच चांदण्यांचे टाकून घ्या. वाईट रिव्ह्यू खाली जातात, कोणी तिथवर जात नाही.

कठाणीकाठ
@संत्रा_बर्फी काढायचे नाहीत हो. ते लोक खोटं बोलत नाहीयेत. मला वर्णन दुरुस्त करायचंय.

नियमवाली
पाव्हण्यांकडून रिव्ह्यू लिहून घेण्याच्या भानगडीत पडूच नका. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट आहे की विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू टाकायचे नाहीत. त्याच नियमांत हेही आहे की जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. "हिरवी" लिहून पिवळी पाठवली तर परतीचा खर्च गटाच्याच डोक्यावर. म्हणजे एकेका शब्दाला पैसे मोजावे लागतात.

फोटो_भाऊ
मजकूर कोण वाचतं? गिऱ्हाईक मोबाइलवर पहिला फोटो बघतं, किंमत बघतं, बटण दाबतं. फोटो नवीन काढा, वर्णन आहे तसं राहू द्या. तक्रारी आपोआप बंद होतील.

अक्षरगिरणी
फोटो_भाऊंचं अर्धं खरं आहे. लोक वर्णन शेवटपर्यंत वाचत नाहीत, म्हणून शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत काय आहे यालाच वजन. पण "मोठी" हा शब्द शीर्षकात बसलाय, तो फोटो बदलून जात नाही.

ताई, आधी लिहायला बसू नका. सगळ्या तक्रारींचे ढीग करा, आणि प्रत्येक ढिगाला एकच प्रश्न विचारा: या माणसाला हे कशामुळे वाटलं? उत्तरं चारच असतात. वर्णनातला एखादा शब्द, फोटो, फॉर्ममधला एखादा रकाना, किंवा खुद्द माल. पहिल्या तिघांचा इलाज तुमच्या हातात आहे. चौथ्याचा इलाज वर्णनात शोधू नका. मालाची खोट शब्दांनी झाकली की पुढचे रिव्ह्यू तीनवरून एका चांदणीवर येतात.

"हिरवी" हा शब्दाचा आणि फोटोचा दोष दिसतो. "लहान निघाली" यात "मोठी" आहेच, पण ते 38 सेंटिमीटर कुठून आलं? तुमच्या वर्णनात तर 12 इंच आहे, म्हणजे साधारण 30. हे आधी शोधा. "पांढरी भुकटी" मालाचा दोष असू शकतो, त्याबद्दल बांबूतला माणूसच सांगेल.

मला एवढं कळवा. 12 इंच नेमकं कुठून कुठपर्यंत मोजलंय? आतलं माप किती? फोटो विणल्यावर किती दिवसांनी काढला, आणि गिऱ्हाइकाकडे जाते तेव्हा टोपली किती जुनी असते? वरून काही लावता का?

तिरोडा_लोकल
आपल्याकडे मोठी टोपली म्हणजे शेणाची, डोक्यावर घ्यायची. ती 12 इंच असली तर शेण उचलायला दिवस जाईल. पुण्या-मुंबईच्या माणसाला मोठी म्हणजे काय वाटत असेल देव जाणे.

अक्षरगिरणी
@तिरोडा_लोकल तेच. "मोठी" हे कोणत्या टोपलीपेक्षा मोठी, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? त्या गटाकडे लहान, मधली, मोठी अशा तीन असतील तर त्यांच्या घरात ती मोठीच आहे. विकत घेणाऱ्याने बाकीच्या दोन पाहिल्याच नाहीत.

कठाणीकाठ
मोजून आले. तोंड बाहेरून 30 सेंटिमीटर, आतून 28. बूड आतून 21. आतली खोली 13. दांडीसकट उंची 30. म्हणजे ते "12 इंच" तोंडालाही लागू आहे आणि दांडीसकट उंचीलाही, आणि नेमकं कशाचं ते कुठेच लिहिलेलं नाही.

38 सापडलं! फॉर्ममध्ये मापांचे दोन संच भरायचे असतात, एक वस्तूचा, एक पार्सलच्या खोक्याचा. खोकं 38 × 38 × 34 चं आहे. ते दोन्ही ठिकाणी भरलेलं आहे. पानावर "वस्तूचा आकार" म्हणून खोक्याचंच माप दिसतं.

फोटो विणल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. माल साधारण महिनाभर वाळवून, वरून पारदर्शक वार्निशचा एक हात मारून जातो. कामट्या त्याआधी बोरॅक्सच्या पाण्यात बुडवतात.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे लोकायनं खोकं मागवलं न् तुमी आत टोपली देऊन फसवलं. 😄

अक्षरगिरणी
ताई, तो रकाना आजच दुरुस्त करा, बाकी मजकुराची वाट बघू नका. लहान निघाल्याच्या तक्रारी जास्त करून तिथूनच आल्या असणार. 38 वाचून आणलेल्या माणसाला 30 ची टोपली उगाच खुजी वाटते, तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास पावणेदोनशे चौरस इंचांवरून एकशे दहावर येतं.

बांबूवाला_चांदा
रंग आणि भुकटी, दोन्हींवर सांगतो.

हिरवा रंग सालीतल्या हरितद्रव्याचा. बांबू कापला की ते जायला लागतं. उन्हात ठेवला तर काही दिवसांत पिवळसर, सावलीत ठेवला तर जरा उशिरा, पण जातंच. वार्निश लावलं म्हणून थांबत नाही. शेवटी गव्हाच्या काडीसारखा रंग येतो आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत हळूहळू मधासारखा होत जातो. त्यामुळे "हिरव्या बांबूची" हे ओल्या बांबूपासून बनवली या अर्थी बरोबर, पण रंगाचं सांगणं म्हणून चूक. वाचणारा रंगच समजतो.

काळे ठिपके: बांबूची बाहेरची साल टणक आणि गुळगुळीत. आतला भाग मऊ, त्यात पिठूळ अंश असतो, त्यावर पावसाळी हवेत बुरशी धरते. आतल्या भागाच्या कामट्या वापरल्या की तिथे ठिपके दिसतात. थोडे असतील आणि पुसून डाग तेवढा राहत असेल, तर तो दिसण्याचा भाग, वर्णनात सांगता येतो. बोटाला काळं लागत असेल तर टोपली नीट वाळलेली नाही, ती पाठवूच नका.

भुकटीचं मात्र दोन प्रकारे होतं, आणि ते ओळखल्याशिवाय वर्णनात एक अक्षर घालू नका. बोरॅक्सचं पाणी वाळलं की कधीकधी पांढरी साय राहते. ती ओल्या फडक्याने निघते आणि परत येत नाही. दुसरा प्रकार घुणाचा. टोपली काळ्या कागदावर ठेवा, दोन-तीन दिवस हलवू नका. खाली मैद्यासारखी बारीक भुकटी पडली आणि कामटीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर आत किडा आहे. पुसलं तरी उद्या परत पडणार. असा माल परत घ्यायचा, पैसे परत द्यायचे, आणि बांबू कधी तोडला, किती वेळ बुडवला हे तपासायचं.

फोटो_भाऊ
सावलीत वाळवला तर हिरवा राहतो असं ऐकलंय. मग सावलीतच वाळवा ना, वर्णन बदलायची गरजच काय?

बांबूवाला_चांदा
@फोटो_भाऊ वर लिहिलंय, उशिरा जातो, थांबत नाही. गिऱ्हाइकाच्या खिडकीत ऊन येतंच की. मग तक्रार महिन्याने येईल एवढंच.

आणखी एक. "धुता येते" काढा. बोरॅक्सची प्रक्रिया पाण्यात धुपून जाते. वार्निशचा एक हात सगळ्या फटी बंद करत नाही. टोपली नळाखाली धरून धुत राहिलं तर संरक्षणही जातं आणि ओलीमुळे बुरशीही येते.

नियमवाली
"पोळ्या" पण काढा. प्रक्रिया केलेल्या, वार्निश मारलेल्या टोपलीत गरम पोळ्या थेट ठेवा असं आपण सुचवतोय. ते वार्निश अन्नाला चालणारं आहे असा कागद हातात नसेल तर लिहू नये.

कठाणीकाठ
पण पोळ्यांसाठी घेणारे बरेच आहेत.

अक्षरगिरणी
ते घेतीलच. तुम्ही "फळं, न चिरलेल्या भाज्या, कागदात-कापडात गुंडाळलेलं सामान" एवढंच लिहा. वापर कमी सांगितला म्हणून कोणी रिव्ह्यूत भांडत नाही.

हळदीचं_पान
आमच्या वायगावच्या हळदीचं हेच होऊन राहिलंय. पाकिटावर "गडद केशरी" आणि गिऱ्हाईक म्हणतं फिकी आहे. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, रंग खराच गडद असतो. मग वर्णन कशाला बदलायचं?

अक्षरगिरणी
@हळदीचं_पान तुमची गोष्ट वेगळी आहे, पण इथे लागू पडते. आधी बघा, फिकी म्हणणारे कोरडी पूड बघून म्हणतात की भाजीत टाकून? कोरडी पूड आणि तेलात पडलेली हळद यांचा रंग सारखा नसतो. "गडद केशरी" कोणत्या अवस्थेचा, ते लिहा. दुसरं, पाकीट पारदर्शक असेल आणि दुकानाच्या काचेत उन्हात राहत असेल तर हळद खरोखरच फिकी होते. तिथे वर्णन नाही, पाकीट बदलायचं.

हळदीचं_पान
पाकीट पारदर्शकच आहे. बरं. वेगळा धागा काढतो.

तिरोडा_लोकल
मला एक पटत नाही. "पिवळसर, ठिपके असू शकतात, माप एखाद सेंटिमीटर इकडंतिकडं" असं सगळं लिहून ठेवलं तर घेईल कोण? बाजारात बसलेली बाई "माझी वांगी किडकी आहेत" म्हणून ओरडते का? शेजारच्या पानावर दुसरा कोणी तीच टोपली "हिरवीगार, भव्य" म्हणून विकतो, गिऱ्हाईक तिकडं जाईल.

अक्षरगिरणी
जाईल, काही जाईल. पण तो तुमच्याकडून घेऊन परत करणारा होता. दांडीवाली टोपली ही जागा खाणारी, हलकी वस्तू. गडचिरोलीहून पुण्याला जाणं आणि परत येणं, दोन्हीचं भाडं वजनापेक्षा आकारमानावर लागतं. एक परत आली तर किती विक्रीचा नफा जातो ते गटाच्या वहीत काढून बघा. मग ठरवा.

आणि दोष म्हणून लिहायचंच कशाला? "ठिपके असू शकतात" हे कबुलीजबाबासारखं वाचलं जातं. "आतल्या बाजूच्या कामट्यांवर बांबूचे नैसर्गिक तपकिरी-काळे ठिपके दिसतात, तिसरा फोटो पाहा" असं लिहिलं की माणूस फोटो पाहतो आणि ठरवतो. सांगायचं तेच, पण दिसतं कुठे ते बोट ठेवून. "शकतात, शक्यता आहे, कदाचित" ही शेपटं लागली की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवताहेत.

आता मजकूर. शीर्षक:

"बांबूची दांडीवाली टोपली, तोंड 30 सेंटिमीटर, काडीसारखा पिवळसर रंग, हातविणीची"

मोबाइलवर शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून माप आणि रंग पुढे, "हातविणीची" मागे. सर्वात जास्त तक्रार ज्याची, ते सगळ्यात आधी. पहिल्या दोन ओळी:

"तोंड बाहेरून 30, आतून 28 सेंटिमीटर, आतली खोली 13, दांडीसकट उंची 30. रंग वाळलेल्या बांबूचा पिवळसर, तो वापरात हळूहळू मधासारखा गडद होतो."

पुढे:

"आत साधारण 6 लिटर जागा आहे. बाहेरून सालीच्या गुळगुळीत कामट्या, आतून गाभ्याच्या. आतल्या कामट्यांवर बांबूचे नैसर्गिक ठिपके दिसतात (तिसरा फोटो). वीण खालून घट्ट, काठाकडे थोडी मोकळी. फळं, न चिरलेल्या भाज्या, पूजेचं कोरडं सामान यांसाठी. ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका, ओली झाली तर वाऱ्यावर वाळवा."

"निसर्गाच्या कुशीतून" गेलं. त्याने काही बिघडत नव्हतं, पण ती ओळ मोबाइलवर दिसणाऱ्या जागेत बसली होती आणि तिथे माप हवं होतं. "मजबूत, टिकाऊ" पण गेलं. किती वजनाला मजबूत, ते गटाने दांडीला वजन टांगून बघितलं असेल तरच आकडा घाला.

लिटर मी हिशेबाने काढलेत. तोंड आतून 28, बूड 21, खोली 13, म्हणजे सहा लिटरच्या थोडं वर. आतून फडकं लावून ज्वारी भरा आणि मोजा. हिशेब सरळ भिंती धरतो, टोपलीचं पोट फुगीर असतं.

वऱ्हाडी_ठेचा
ज्वारी भरून मोजा म्हणे. आता टोपलीसंगं ज्वारी फुकट द्या, रिव्ह्यू पाच चांदण्यांचेच येतीन.

कठाणीकाठ
भरली. काठोकाठ, वर शीग न लावता, साडेचार किलोच्या थोडी वर ज्वारी बसली. संत्री पण लावून बघितली, मध्यम आकाराची 22. "22 संत्री मावतात" लिहू का? ते लोकांना लगेच कळेल.

बांबूवाला_चांदा
संत्र्याचा आकार मृगाचा वेगळा, आंबियाचा वेगळा, त्यात प्रतवारी. 22 लिहाल आणि कोणाच्या 17 च बसल्या तर नवीन तक्रार तयार.

अक्षरगिरणी
संत्री फोटोत ठेवा, मजकुरात आकडा नको. फोटोत माणूस अंदाज घेतो, आकड्यावर मात्र बोट ठेवतो. लिटर ठेवा.

तिरोडा_लोकल
लिटर कोणाला कळतं टोपलीत? दूध नेणार आहेत का? मी तर संत्री लिहीन. आमच्या पट्ट्यात तर पायलीतच बोलतात.

फोटो_भाऊ
फोटोबद्दल तरी माझं ऐका. मोबाइल टोपलीच्या अगदी जवळ नेऊन काढला की पुढचा काठ फुगतो आणि टोपली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. दोन-तीन पावलं मागे सरकून दुप्पट झूमवर काढा. शेजारी एक ओळखीची वस्तू, म्हणजे स्टीलचा तांब्या नको, तो प्रत्येक घरी वेगळा. साधी शाळेची पट्टी टोपलीच्या तोंडावर आडवी ठेवून एक फोटो. आणि पिवळ्या बल्बखाली काढू नका, नाहीतर आताची पिवळी टोपली केशरी दिसेल आणि नवाच धागा काढावा लागेल. सकाळी ओसरीत, ऊन थेट नको, मागे पांढरा कागद. आणि टोपली वार्निश मारून महिना झालेली घ्या, ताजी नको.

अक्षरगिरणी
हे सगळं मान्य. आणि एकच सुंदर टोपली निवडून काढू नका. ढिगातून डोळे मिटून तीन उचला, तिन्ही शेजारी ठेवून एक फोटो द्या. वीण विरळ असल्याची तक्रार तुमच्या यादीत आहे, ती याच कारणाने येते. फोटोत सर्वात कसबी हाताची टोपली, पाठवताना ज्याची असेल त्याची.

कठाणीकाठ
विणणाऱ्या सात जणी आहेत, प्रत्येकीचा हात वेगळा. माप किती कमीजास्त लिहू? एक सेंटिमीटर?

बांबूवाला_चांदा
अंदाजाने लिहू नका. तयार मालातल्या वीस टोपल्या पट्टीने मोजा, तोंड आणि खोली. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी, यांच्यामधलं अंतर हेच तुमचं कमीजास्त. वाळताना काठ आवळतो, म्हणून विणताना मोजलेलं धरू नका. आणि फरक तीन सेंटिमीटर निघाला तर वर्णन नका बदलू, विणताना साचा वापरा. मडक्याच्या तोंडावर किंवा लोखंडी कड्यावर काठ जुळवून घेतला तर फरक आटोक्यात येतो.

अक्षरगिरणी
आणि कमीजास्त लिहिताना लहानातलं माप शीर्षकात टाका. 29 ते 31 निघालं तर "29 सेंटिमीटरपेक्षा कमी नाही". मोठी मिळाली म्हणून कोणी परत करत नाही.

नियमवाली
याला माझा विरोध आहे. 29 च्या वर काहीही, असं झालं तर ज्याला कपाटाच्या कप्प्यात बसवायचीय तो फसला. दोन्ही टोकं लिहा, 29 ते 31.

अक्षरगिरणी
कप्प्यात बसवणारे किती? पण बरं, वर्णनात दोन्ही टोकं, शीर्षकात लहान. शीर्षकात दोन आकडे आले की वाचणारा गोंधळतो.

नियमवाली
शीर्षकातही एकच बरोबर आकडा हवा असं माझं मत. असो.

तिरोडा_लोकल
जुन्या रिव्ह्यूंचं राहिलंच. वर्णन बदललं तरी खाली "हिरवी मागवली, पिवळी आली" तसंच राहणार. नवीन माणूस वाचेल आणि म्हणेल, यात हिरवी कुठे लिहिलंय? मला विचाराल तर हे पान बंद करा, नवीन पान काढा, कोरी पाटी.

अक्षरगिरणी
नवीन पान काढलं तर चांगले रिव्ह्यूही जातात, शोधात खाली जाल. मी तेच पान ठेवीन आणि प्रत्येक तक्रारीखाली एक छोटं उत्तर देईन, तारखेसह. असं: "आपलं म्हणणं बरोबर होतं. 'हिरवी' हा शब्द आणि खोक्याचं माप आम्ही काढलं आहे. आता शीर्षकात टोपलीचं खरं माप आणि पिवळसर रंग आहे." माफी एकदाच, लांबण नको. आणि भुकटीवाल्याला हे उत्तर चालणार नाही, त्याला टोपली बदलून द्यायची.

एक पथ्य पाळा. त्याच पानावर उद्या 36 सेंटिमीटरची नवी टोपली चढवू नका. मग जुने-नवे रिव्ह्यू एकमेकांत मिसळतात आणि कोणती तक्रार कोणत्या टोपलीची, ते कळेनासं होतं.

तिरोडा_लोकल
उत्तरं कोण वाचतं? तीन चांदण्या डोळ्याला दिसतात, उत्तर दाबून उघडावं लागतं. मी नवीनच काढीन.

हळदीचं_पान
मी पण तिरोड्याच्या बाजूने. आमच्या पानावर उत्तरं दिली, सरासरी काही हलली नाही.

अक्षरगिरणी
सरासरी उत्तरांनी हलतच नाही. ती नव्या रिव्ह्यूंनी हलते. उत्तरं वाचतो तो आधीच घ्यायचं की नाही या विचारात असलेला माणूस, त्याच्यासाठी ती असतात.

ताई, बदल कळायचा कसा, हेही ठरवून ठेवा. रकाना, शीर्षक आणि फोटो एकाच दिवशी बदलले तर कशाने फरक पडला ते समजणार नाही. रकाना आजच बदला कारण तो सरळसरळ चुकीचा आहे. फोटो आणि शीर्षक एकत्र जाऊ द्या, ते एकमेकांशी जुळायला हवेत. वार्निश, विणीतला बदल, पाकीट, हे सगळं त्यानंतर. प्रत्येक बदलाची तारीख वहीत लिहा आणि पुढचे रिव्ह्यू कोणत्या तारखेच्या ऑर्डरचे आहेत ते बघा, लिहिल्याच्या तारखेचे नाही. जुन्या वर्णनावर घेतलेला माणूस वर्णन बदलल्यावरही तक्रार लिहीत राहतो.

कठाणीकाठ
रकाना आणि शीर्षक झालं. रंगासाठी "काडीसारखा पिवळसर" ठेवलं. वीस टोपल्या मोजायला गटाला सांगितलंय. काळ्या कागदाची परीक्षा गोदामातल्या मालावर लावली आहे, उद्या-परवा कळेल.

एक राहिलं. साइटवर रंग निवडायचा एक रकाना आहे, यादीतूनच निवडावा लागतो. त्यात "हिरवा", "पिवळा", "तपकिरी", "बहुरंगी" एवढंच आहे. पिवळा निवडलं तर हळदीसारखा पिवळा वाटेल का?

बांबूवाला_चांदा
बेज नाही का यादीत? पिवळा आणि तपकिरीच्या मधला आहे तो.

कठाणीकाठ
नाही.

फोटो_भाऊ
तपकिरी टाका. गडद होतच जाणार आहे.

अक्षरगिरणी
पिवळा टाका. आज पोचते तेव्हा ती पिवळी असते, वर्षाने काय होईल ते मजकुरात आहे. आणि ताई, तुमचं हिंदी पान बघितलं. तिथे अजून "हरे बांस की बड़ी टोकरी" आणि "धो सकते हैं" दोन्ही आहे. तुमच्या पुण्या-मुंबईच्या बऱ्याच ऑर्डरी त्या पानावरूनच येत असतील, ते रात्रीच्या आत बदला.

तिरोडा_लोकल
हिंदीत लिटर लिहा, मराठीत संत्री. दोन्हीचे रिव्ह्यू बघून मग सांगा कोण बरोबर.

वऱ्हाडी_ठेचा
न् वऱ्हाडीत लिहा, "घ्या ना भाऊ, चांगली हाय."